उगवती सत्ता आली की युद्ध जवळ येतं का? दोन थिअऱ्या आणि ८ डिसेंबर १९१२ ची एक बैठक

रानपाखरू

नमस्कार मंडळी. दोन-तीन महिने आंतरराष्ट्रीय राजकारणाचं वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. हेजेमोनिक स्टॅबिलिटी थिअरी म्हणते की जगात एक वरचढ सत्ता असली, तिने नियम घालून दिले आणि पाळायला लावले की सगळं स्थिर राहतं, आणि ती सत्ता खंगायला लागली की गडबड सुरू होते. पॉवर ट्रान्झिशन थिअरी म्हणते की वरच्या नंबरच्या सत्तेला खालून कोणी गाठायला लागला आणि तो गाठणारा चालू व्यवस्थेवर नाखूष असला तर युद्धाचा धोका सगळ्यात जास्त. मला दोन्ही एकच वाटतात, फक्त एक वरून बघतेय आणि एक खालून. मग दोन वेगळी नावं कशाला? आणि खरा प्रश्न म्हणजे, उगवती सत्ता असणं हे युद्धाचं कारण आहे का, की आपण १९१४ बघून मागून गोष्ट जुळवतो? कारण १८९० नंतर दोन देश ब्रिटनला मागे टाकत होते, अमेरिका आणि जर्मनी, आणि युद्ध एकाशीच झालं.

तात्या_नकाशावाले

एकाच देशाने सगळ्यांवर दादागिरी करावी आणि बाकीच्यांनी ऐकावं, याला शांतता म्हणायचं का? माझा या थिअरीलाच विरोध आहे. नेपोलियननंतर युरोपात पाच मोठी राष्ट्रं होती, कोणीच एकटं वरचढ नव्हतं, आणि १८१५ ते १८५३ मोठ्या राष्ट्रांमध्ये युद्ध झालं नाही. समतोल असला की शांतता, एवढं साधं आहे. बलाढ्य देशाला कोणी आव्हान देत असेल तर ते चांगलंच की.

शरयू

तात्या, दादागिरी बरी की वाईट हा रानपाखरूचा प्रश्न नाहीये, पण तुम्ही नकळत मुद्द्याच्या मुळाशी बोट ठेवलंत. या दोन्ही थिअऱ्या तुमच्या समतोलवाल्या म्हणण्याच्या बरोब्बर विरोधात उभ्या आहेत. पॉवर ट्रान्झिशन मांडणाऱ्या ऑर्गन्स्कीने १९५८ मध्ये हेच म्हटलं होतं की दोघं बरोबरीला आले की शांतता होत नाही, उलट तेव्हाच दोघांनाही वाटतं आपण जिंकू शकतो. एक जण खूपच मोठा असेल तर लहान्याला लढायची हिंमत नाही आणि मोठ्याला लढायची गरज नाही. एवढ्यापुरत्या दोन्ही थिअऱ्या बहिणी आहेत.

पण रानपाखरू, त्या एकच नाहीत, कारण दोघींचे प्रश्न वेगळे होते. हेजेमोनिक स्टॅबिलिटी मुळात युद्धाबद्दल नव्हतीच. किंडलबर्गर अर्थतज्ज्ञ होता आणि त्याला १९२९ ची मंदी एवढी खोल आणि एवढी लांब का गेली ते शोधायचं होतं. त्याचं उत्तर असं, की ब्रिटनची ताकद संपली होती आणि अमेरिकेची इच्छा नव्हती, त्यामुळे अडचणीतल्या देशांचा माल विकत घेणारं, पडत्या काळात कर्ज देणारं, बँका बुडताना शेवटचा पैसा पुरवणारं कोणीच उरलं नाही. यात रणगाडे कुठेच नाहीत. युद्धाची बाजू राज्यशास्त्रज्ञ गिल्पिनने १९८१ ला जोडली. त्याचं म्हणणं असं की व्यवस्था राखायचा खर्च वाढत जातो, उत्पन्न तेवढं वाढत नाही, आणि नियम जुन्या ताकदीप्रमाणे राहतात पण ताकद सरकलेली असते. ही फट मोठी झाली की बहुतेकदा एक मोठं युद्ध होऊन नवा हिशोब मांडला जातो.

आता फरक बघ. पॉवर ट्रान्झिशनमध्ये मुख्य पात्र खालून येणारा आहे, तो नाखूष आहे आणि तोच हात उगारतो. वरचा शक्यतो खूष, कारण नियम त्याचेच. गिल्पिनकडे मात्र उतरणाऱ्या सत्तेकडेही पर्याय आहेत, खर्च कमी करायचा, कुठेतरी माघार घ्यायची, किंवा समोरचा आणखी मोठा व्हायच्या आत त्याला ठोकून काढायचं. म्हणजे पहिला घाव कोण घालणार यावर दोघींची उत्तरं जुळत नाहीत. आणि तुझ्या प्रश्नाची सगळी मजा तिथेच आहे.

दर्यावर्दी

१९१४ ला तर पॉवर ट्रान्झिशन शंभर टक्के बसते ना. जर्मनीने ब्रिटनला पोलादात १८९० च्या दशकातच मागे टाकलं, १९१३ ला जर्मनी साधारण १.७६ कोटी टन आणि ब्रिटन ७७ लाख टन. मग जर्मन आरमाराचा मंत्री टिर्पिट्झने १८९८ आणि १९०० चे नौदल कायदे केले, दुसऱ्या कायद्यात ३८ बॅटलशिप्सचं टार्गेट, आणि हे आरमार उघड उघड ब्रिटनसमोर उभं करायचं होतं. ब्रिटनने १९०६ ला ड्रेडनॉट हे नव्या जातीचं बॅटलशिप आणलं, १९०९ ला तशा आठ जहाजांची मागणी झाली आणि आठ बांधलीही. दोघं एकमेकांवर चढत गेले आणि शेवटी भडका. नाखूष चॅलेंजर, बरोबरी, शस्त्रस्पर्धा, युद्ध. अजून काय पाहिजे?

शरयू

दर्यावर्दी, आकडे बरोबर आहेत, स्पर्धाही खरी होती, पण शेवटचं पाऊल तुम्ही उडी मारून घेतलंत. आरमाराच्या स्पर्धेतून युद्ध झालंच नाही. १९१२ पर्यंत ती स्पर्धा ब्रिटनने जवळपास जिंकली होती आणि १९१३ ला जर्मनीने मोठा पैसा सैन्यदलाकडे वळवला, म्हणजे जमिनीवरच्या लढाईकडे. १९१४ चा जुलै सुरू झाला तो ऑस्ट्रिया आणि सर्बियापासून, मग रशिया, मग जर्मनी, मग फ्रान्स. ब्रिटन सगळ्यात शेवटी आत आलं, ४ ऑगस्टला. ज्या जोडीवर थिअरी बोट ठेवते ती जोडी पेटवणारी नव्हती, पेटल्यावर येऊन सामील झालेली होती.

एक बैठक सांगते, मला कायम वाटत आलंय की हा सगळा वाद त्या एका खोलीत बसलेला होता. ८ डिसेंबर १९१२, रविवार. लंडनहून जर्मन राजदूताचा निरोप आलेला की जर्मनीने फ्रान्सला चिरडलं तर ब्रिटन बघत बसणार नाही. कैसर भडकला आणि त्याने सैन्य आणि आरमाराच्या वरच्या लोकांना बोलावून घेतलं. चॅन्सेलर बेटमान-होलवेग नव्हताच त्यात. तिथे सैन्याचा प्रमुख मोल्टके म्हणाला की युद्ध टळणार नसेल तर जितक्या लवकर तितकं बरं. आणि टिर्पिट्झ म्हणाला दीड वर्ष थांबा. कील कालव्याचं रुंदीकरण व्हायचं होतं, मोठी जहाजं बाल्टिकमधून उत्तर समुद्रात काढायला तो कालवा लागतो. मोल्टकेने उत्तर दिलं की आरमार तेव्हाही तयार नसेल आणि तोवर सैन्याची स्थिती बिघडलेली असेल.

आता विचार कर, एकाच देशाचे दोन प्रमुख, एकाच टेबलाशी, आणि एकाला वेळ आपल्या बाजूने वाटतोय, दुसऱ्याला विरुद्ध. का? तर टिर्पिट्झची नजर ब्रिटनवर, तिथे जर्मनी चढती. मोल्टकेची नजर रशियावर, तिथे जर्मनी उतरती. एकच देश एकाच दिवशी उगवता पण आणि मावळता पण. आणि दीड वर्षाने घाई करणाऱ्याचं गणित चाललं, थांबणाऱ्याचं नाही.

रानपाखरू

शरयूताई, हे वाचून मी दोन मिनिटं थांबलेच. पण रशिया उगवता होता का खरंच? १९०५ ला जपानकडून हरला होता, घरात क्रांती झाली होती. जर्मनीला त्याची एवढी भीती कशाला?

शरयू

हरला होता म्हणूनच भीती. १९०५ नंतर रशियाने सैन्य नव्याने उभं करायला घेतलं आणि ते वेगाने होत होतं. १९१४ च्या उन्हाळ्यात त्यांचा मोठा सैन्यकार्यक्रम मंजूर झाला, त्यात शांततेच्या काळातलं सैन्य जवळपास पाच लाखांनी वाढणार होतं आणि हे १९१७ पर्यंत पुरं व्हायचं होतं. शिवाय फ्रान्सच्या कर्जातून पोलंडच्या बाजूला रेल्वे टाकायची ठरली होती. रेल्वेचं महत्त्व असं की जर्मनीचा अख्खा प्लॅन रशियाचं सैन्य गोळा व्हायला वेळ लागतो यावर उभा होता, तेवढ्यात फ्रान्सला संपवायचं आणि मग गाड्या भरून पूर्वेकडे वळायचं. रशियाच्या गाड्या लवकर पोचायला लागल्या की तो वेळच गायब. १८ जुलै १९१४ ला जर्मन परराष्ट्रमंत्री यागोने लंडनच्या राजदूताला लिहिलं की काही वर्षांत रशिया लढायला तयार होईल आणि मग संख्येनेच आपल्याला चिरडेल. हे पत्र वाचलं की नाखूष चॅलेंजरचा आवाज ऐकू येत नाही, आपल्याला कोणीतरी गाठतंय हे बघणाऱ्याचा येतो.

आडनाव_नको

इथे एक गोष्ट घालतो. उगवती सत्ता असणं एवढ्यानं युद्ध का व्हावं हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. समजा तू वाढतोयस आणि मी घटतोय, हे दोघांनाही दिसतंय, मग बसून आत्ताच वाटणी बदलू, लढून दोघांचंही नुकसान कशाला? राज्यशास्त्रज्ञ फिअरनने १९९५ ला यावर नेमकं लिहिलं. अडचण वाटणीची नाही, वचनाची आहे. तू आज म्हणशील की पाच वर्षांनी मोठा झालो तरी जास्त मागणार नाही, पण पाच वर्षांनी तुला ते वचन पाळायला कोण लावणार? तू मनापासून म्हणत असशील, तुझ्या जागी दुसरा कोणी बसलेला असेल. मग मी आजचं गणित करतो, आज लढलो तर बरोबरीची शक्यता, पाच वर्षांनी हरण्याची. यात तू नाखूष असायची गरजच नाही. तू मोठा होणार एवढं पुरे.

म्हणजे रशिया १९१४ ला व्यवस्थेवर खूष होता की नाही याने जर्मनीला फरक पडत नव्हता. १९१७ ला तो काय करू शकेल याने पडत होता.

दर्यावर्दी

पण मग ब्रिटन-अमेरिकेचं काय? अमेरिका तर जर्मनीपेक्षाही वेगाने वाढत होती. तुमच्या वचनाच्या हिशोबाने ब्रिटनने १८९५ च्या आसपासच अमेरिकेला ठोकायला हवं होतं, तेव्हा ते शक्यही होतं. ब्रिटनचं आरमार जगात पहिलं आणि अमेरिकेकडे मोजकीच बॅटलशिप्स.

आडनाव_नको

मान्य. वचनाचा प्रश्न तिथेही होता आणि युद्ध झालं नाही. म्हणजे नुसतं ते कारण पुरत नाही. शरयूताईंनी सांगावं.

पीएचडीचा_वारकरी

मध्येच माझं दुखणं सांगतो, कारण ते यालाच लागून आहे. मी याच विषयावर काम करत होतो आणि दीड वर्ष फक्त कोणी कोणाला कधी ओलांडलं हे ठरवण्यात गेलं. एकूण उत्पन्नाचे जुने आकडे घेतले तर अमेरिका ब्रिटनच्या पुढे १८७० च्या दशकात जाते. सहा गोष्टींचा एकत्र निर्देशांक घेतला, म्हणजे लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलाद, ऊर्जा, सैनिक आणि सैन्यखर्च, तर ओलांडणं १८९० च्या दशकाच्या शेवटाकडे सरकतं. जवळपास पंचवीस वर्षांचा फरक! आता १८९५ चा ब्रिटन-अमेरिका तंटा हा ओलांडायच्या आधीचा की नंतरचा हे मोजपट्टीवर ठरतं. त्याच सहा गोष्टींच्या निर्देशांकात चीन अमेरिकेच्या पुढे गेलाय १९९० च्या दशकातच, कारण त्यात लोकसंख्या आणि पोलाद भरपूर मोजलं जातं. आणि नुसतं एकूण उत्पन्न घेतलं तर १८७० ला चीन ब्रिटनपेक्षा मोठा निघतो, जो चीन त्याआधीच ब्रिटनकडून दोन अफूची युद्धं हरलेला होता.

माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं, एक मोजपट्टी निवड आणि पुढे चल. निवडली, तर परीक्षकांनी विचारलं हीच का. प्रकरण परत आलं. मला अजूनही वाटतं की हा तांत्रिक प्रश्न नाहीये, हाच प्रश्न आहे.

शरयू

वारकरी, तुमची तळमळ पोचली आणि मी पूर्ण सहमत आहे. उलट तुमच्या मुद्द्याला एक जोड देते. अर्थतज्ज्ञ मॅडिसनचे १९१३ चे एकूण उत्पन्नाचे आकडे काढा. जर्मनी, रशिया आणि ब्रिटन, तिघंही एकमेकांच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत आहेत, रशियाचा आकडा नंतरच्या सोव्हिएत सीमांवर मोजलाय तेवढं लक्षात ठेवायचं. आता पॉवर ट्रान्झिशनवाले बरोबरीचा पट्टा कुठे धरतात? चॅलेंजर वरच्याच्या ऐंशी टक्क्यांना पोचला की सुरू आणि एकशेवीसला संपला. १९१३ ला तिन्ही जोड्या त्या पट्ट्यात आहेत. जर्मनी-ब्रिटन आहे, जर्मनी-रशिया आहे, आणि ब्रिटन-रशिया पण आहे, जे दोघं १९०७ ला समझोता करून एकाच बाजूला उभे होते. म्हणजे बरोबरी तुम्हाला सांगते की वातावरण ज्वालाग्राही आहे. ठिणगी कुठल्या जोडीत पडेल ते ती सांगत नाही.

ऑर्गन्स्की आणि कुगलर यांनी १९८० ला मोजणी केली त्यातही हेच होतं खरं तर. मोठ्या सत्तांच्या ज्या जोड्यांत कोणी कोणाला ओलांडत नव्हतं तिथे युद्ध शून्य, आणि जिथे ओलांडणं झालं तिथे निम्म्यांत युद्ध. निम्म्यांत! लोक पहिला भाग ऐकतात आणि दुसरा विसरतात. ओलांडणं नसेल तर मोठं युद्ध नाही हे त्यांच्या मोजणीत दिसलं, ओलांडणं असेल तर युद्ध होणारच हे दिसलं नाही. आणि मोजणी करायला केसेस किती थोड्या, एक महायुद्ध अनेक जोड्यांत मोजलं गेलं की ती स्वतंत्र उदाहरणं राहत नाहीत.

तात्या_नकाशावाले

मी सकाळी जरा वेगळंच समजून बोललो, आता कळतंय विषय काय आहे. पण मग त्या अमेरिकेचं सांगा. ती नाखूष नव्हती म्हणून युद्ध झालं नाही, असंच ना? एकच भाषा, एकच वंश वगैरे.

शरयू

तात्या, हे उत्तर बरेच जण देतात आणि त्यात थोडं तथ्य आहे, पण १८९५ ची अमेरिका खूष नव्हती हो. व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना यांच्या सीमेचा जुना वाद होता. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री ओल्नी याने जुलै १८९५ मध्ये लंडनला खलिता पाठवला की या खंडावर आज अमेरिकाच व्यवहारात सार्वभौम आहे आणि तिचा शब्द म्हणजे कायदा. विचार करा, ज्या देशाचं आरमार जगात पहिलं त्याला हे लिहिलंय. ब्रिटिश पंतप्रधान सॉल्झबरीने चार महिने उत्तरच दिलं नाही, आणि दिलं ते नकाराचं. १७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने संसदेला संदेश दिला की सीमा कुठे ते आम्हीच आयोग नेमून ठरवू आणि मग ती राखू. दोन्हीकडे युद्धाची भाषा सुरू झाली. हे नाखूष चॅलेंजरचं अगदी ठळक चित्र आहे.

मग काय झालं? जानेवारी १८९६ च्या सुरुवातीला कैसरने दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालचा अध्यक्ष क्रूगर याला ब्रिटिशांचा छापा परतवल्याबद्दल अभिनंदनाची तार केली, लंडनला अचानक दिसलं की आपल्याला सगळीकडून घेरलं जाऊ शकतं, आणि मंत्रिमंडळाने सॉल्झबरीच्या मनाविरुद्ध मार्ग काढायचं ठरवलं. लवाद मान्य केला. १८९९ ला पॅरिसमध्ये निकाल लागला तेव्हा वादातली बहुतेक जमीन ब्रिटनलाच मिळाली, व्हेनेझुएलाला ओरिनोकोचं मुख राहिलं. इथे लक्ष द्या, ब्रिटनने जमीन सोडली नाही. त्याने सोडला तो या खंडात अमेरिकेला न विचारता निर्णय घ्यायचा हक्क. मान दिला, माती ठेवली. मग १९०१ ला मध्य अमेरिकेतल्या कालव्याचा करार झाला, १८५० पासून दोघांपैकी कोणीही एकट्याने ताबा ठेवायचा नाही असं ठरलेलं होतं ते सोडून अमेरिकेने एकटीने बांधावा आणि सांभाळावा असं झालं. १९०३ ला अलास्काच्या सीमेत ब्रिटिश न्यायाधीशानेच अमेरिकेच्या बाजूने मत दिलं आणि कॅनडा चिडला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खूष-नाखूष हा चॅलेंजरचा स्वभाव नसतो. तो काही अंशी वरच्या सत्तेच्या वागण्यातून घडतो. अमेरिका खूष होती म्हणून ब्रिटनने वाट दिली असं नाही, ब्रिटनने वाट दिली म्हणून ती खूष झाली.

आडनाव_नको

एक शंका. मग नाखुषी मोजायची कशी? काही जण एकमेकांशी जुळणाऱ्या मैत्री-करारांवरून मोजतात, पण ब्रिटन-अमेरिकेत तर करारच नव्हता. काही जण शस्त्रं किती वेगाने वाढवली त्यावरून मोजतात, आणि अमेरिकेनेही १८९० नंतर नवी बॅटलशिप्स बांधायला घेतलीच होती. दोन्ही पट्ट्यांवर अमेरिका नाखूष निघेल. आणि युद्ध झालं नाही हे माहीत असल्यावर तिला मागून खूष ठरवलं तर ते गोल गोल फिरणं झालं.

शरयू

बरोबर पकडलंत. ही या थिअरीची खरी दुखरी जागा आहे आणि तिच्यावर मला समाधानकारक इलाज दिसलेला नाही.

दर्यावर्दी

मला ताईंचं शेवटचं पटत नाही. ब्रिटनने अमेरिकेला वाट दिली कारण देणं परवडणारं होतं. कॅरिबियनमधून जहाजं काढली तरी लंडन सुरक्षित. जर्मनीचं आरमार समोर उत्तर समुद्रात, काही तासांवर. तिथे काय सोडणार? टिर्पिट्झची अटच अशी होती की आरमार एवढं मोठं करायचं की ब्रिटनला भिडायची भीती वाटावी आणि त्याने तडजोड करावी. म्हणजे मागणी जमिनीच्या तुकड्याची नव्हती, मागणी ब्रिटनच्या गळ्याशी होती. ब्रिटिश मंत्री हॅल्डेन १९१२ ला बर्लिनला गेला होता बोलायला, जर्मनीला हमी पाहिजे होती की युरोपात युद्ध झालं तर ब्रिटन तटस्थ राहील. ते देणं म्हणजे फ्रान्सला सोडून देणं. तुम्ही म्हणता वागण्यातून खुषी घडते, मी म्हणतो भूगोल आधी ठरवतो की वागायला जागा किती.

शरयू

हे तुमचं मी घेते. सकाळी तुम्ही जहाजं मोजत होतात, आता ती कुठे उभी आहेत ते बघताय, आणि त्याने माझं विधान अर्ध्यावर आणलंत. सोडणं स्वस्त असेल तिथेच सोडता येतं. पण मग तुमचंही एक तपासून बघा. ब्रिटन आणि रशिया मध्य आशियात किती वर्षं भांडत होते, तरी १९०७ ला त्यांनी इराणमध्ये प्रभावक्षेत्रं पाडून घेतली, अफगाणिस्तानचं ठरवलं. तिथे हिंदुस्थानची सीमा होती, काही स्वस्त नव्हतं. म्हणजे महाग असलं तरी दुसरीकडचा धोका मोठा असेल तर सोडतात. जर्मनीने आरमार बांधून ब्रिटनला बाकी सगळ्यांशी मिटवायला भाग पाडलं, अमेरिकेशी, १९०२ ला जपानशी, १९०४ ला फ्रान्सशी, मग रशियाशी.

रानपाखरू

मग हेजेमोनिक स्टॅबिलिटीचं काय म्हणायचं १९१४ साठी? ब्रिटन उतरतं होतं, खर्च वाढत होता, आणि गिल्पिनच्या भाषेत तीन पर्याय होते. त्याने माघार घेतली, अमेरिकेपुढे, जपानपुढे. म्हणजे उतरत्या हेजेमॉनने शहाणपणा केला आणि तरीही युद्ध झालं?

शरयू

हो, आणि हे तू फार नेमकं मांडलंस. माझी समजूत अशी. हेजेमोनिक स्टॅबिलिटी सांगते की वरच्याचा हात ढिला पडला की बाकीचे स्वतःची सोय बघतात. १९१४ पर्यंत ब्रिटनचा हात पैशात आणि समुद्रावर चांगला घट्ट होता, लंडनवर जगाचा व्यापार चालत होता. पण युरोपच्या जमिनीवर तो हात कधीच नव्हता. सहा डिव्हिजनचं फिरतं सैन्य, दुसरीकडे लाखांच्या फौजा. ज्या ठिकाणी रशिया आणि जर्मनी एकमेकांना गाठत होते तिथे कोणी हेजेमॉन नव्हताच. म्हणून मला वाटतं १९१४ ही जागतिक सत्तासंक्रमणाची गोष्ट कमी आणि एका प्रदेशातल्या संक्रमणाची जास्त आहे, जी करारांच्या साखळीने जागतिक झाली. या थिअरीची खरी पकड १९२९ नंतरच्या दहा वर्षांत दिसते, जिथे पैसा पुरवणारा कोणी नव्हता. तिला १९१४ वर ताणलं की ती फाटते.

पीएचडीचा_वारकरी

ताई, एक विचारू का. त्या १९१२ च्या बैठकीला इतिहासकार एवढं वजन देतात का? मी वाचलं होतं की तिथून ठोस काही निघालं नाही. आरमाराच्या कार्यालयप्रमुखाने, म्युलरने, डायरीत लिहिलंय की निष्पत्ती जवळपास शून्य.

शरयू

हो, त्यावर मोठा वाद आहे. जर्मन इतिहासकार फिशरच्या बाजूचे लोक म्हणतात तिथेच युद्धाची दिशा ठरली, बाकीचे म्हणतात कैसर चिडला होता, बोलला आणि विसरला. मी ती बैठक योजना म्हणून सांगितली नाही. दोघांनी घड्याळ वेगवेगळं वाचलं एवढ्यासाठी सांगितली. मोल्टके, यागो, बेटमान, तिघांच्याही कागदांत रशियाची तीच भीती पुढची दोन वर्षं येत राहते, त्यामुळे बैठक पोकळ धरली तरी भीती पोकळ ठरत नाही.

आडनाव_नको

पण ती भीती खरी होती की निमित्त? १९१७ ला रशियाचं काय झालं ते आपण बघितलं, अख्खं राज्यच कोसळलं. जर्मनी थांबली असती तर कदाचित रशिया आपोआप अडखळला असता. मोल्टकेने वाढीची रेघ सरळ पुढे ओढली, त्याने मोडायच्या शक्यता धरल्याच नाहीत. सत्तासंक्रमणाचं प्रत्येक भाकित अशीच रेघ ओढतं.

शरयू

युद्ध नसतं तर १९१७ तसं झालं असतं का हे सांगता येत नाही, रशिया युद्धानेच मोडला. पण रेघेचं म्हणणं मी लिहून ठेवते. घाबरलेला माणूस समोरच्याच्या वाढीची रेघ सरळ ओढतो आणि स्वतःच्या घसरणीचीही. ऑर्गन्स्की आणि कुगलर यांना तर असं आढळलं होतं की हरलेल्या मोठ्या सत्ताही पंधरा-वीस वर्षांत परत पूर्वीच्या वाटेवर येतात, म्हणजे युद्ध जिंकूनही समोरच्याची वाढ फार काळ थांबत नाही. हे १९१४ च्या घाई करणाऱ्यांना कोणी दाखवलं असतं तर काय झालं असतं, मला खरंच माहीत नाही.

तात्या_नकाशावाले

मग आज कोण कोणाकडे कुठल्या घड्याळाने बघतंय? चीनला वाटतंय का वेळ आपल्या बाजूने आहे, की त्यालाही मोल्टकेसारखं वाटायला लागलंय, लोकसंख्या २०२२ पासून घटतेय, वाढ मंदावलीये. आणि चीनच्या शेजारी कोण त्याला गाठतंय ते पण बघायला पाहिजे ना, का फक्त अमेरिकेकडेच बघायचं?

रानपाखरू

तात्या, माझा पुढचा प्रश्न हाच होता. चीन-अमेरिका ही जोडी सगळे बघतात, पण शरयूताईंच्या हिशोबाने आधी जोड्यांची यादी काढायला पाहिजे आणि प्रत्येकीत कोणाला वाटतंय की थांबलो तर उशीर होईल ते शोधायला पाहिजे. मी कागद घेऊन बसतेय. वारकरी, तुमच्याकडचे दोन्ही मोजपट्ट्यांचे आकडे मिळतील का, म्हणजे एकाच जोडीला दोन्हींनी मोजून बघता येईल?

पीएचडीचा_वारकरी

देतो. दोन्ही पाठवतो, आणि जिथे दोघींची तारीख पंचवीस वर्षांनी वेगळी येते त्या जोड्यांवर खूण करून देतो, तिथूनच सुरुवात करा.